तोंडी परीक्षेतला कापूस

हा किस्सा मी अनेकदा सांगितला आहे. लग्नाच्या पंगतीत, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटीत, एकदा तर माझ्याच निरोप समारंभात, माइक हातात धरून. लोक पोट धरून हसतात. पण मी तो नेहमी अर्धाच सांगत आलो. उरलेल्या अर्ध्यात एक मुलगी आहे, आणि तिला गाळूनच मी पुढे सरकत असे. आता वय झालं आहे. कोणाला घाबरावं असं फारसं कोणी उरलेलं नाही, म्हणून आज तो पुरा लिहितो आहे. लिहायला बसल्यावर भीतीपेक्षा हलकंच जास्त वाटतंय, हेही सांगून ठेवतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. गोष्ट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येतो, त्याला आम्ही एक्स्टर्नल म्हणतो. त्याच्या शेजारी घरचा परीक्षक बसतो, तो मी. मुलं टेबलावर खोडाचा छेद घेतात, रंग देतात, सूक्ष्मदर्शकाखाली लावतात, आणि एकेकाला बोलावून तोंडी परीक्षा होते.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. एक्स्टर्नल एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. काल अकोल्याला असला, तर आज अमरावतीला. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी अमरावतीचा मास्तर अकोल्याच्या मास्तरला फोन करतो. एक्स्टर्नल कसा आहे, काय विचारतो, कशाने चिडतो. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पाहुणा येणार असला की त्याला तिखट चालतं का विचारावं, तसंच ते.

मीही फोन केला. अकोल्याचा मित्र माझ्याबरोबर शिकलेला, बोलण्यात अस्सल वऱ्हाडी.

"मानूस चांगला हाय रे भाऊ," तो म्हणाला. "कडक हाय, पन हसरा. चार-पाच प्रश्न ठरलेले हायेत त्याचे. ऐकून घे. मेरिस्टेमच्या पेशी कशा असतेत. गाईनं गवत खाल्लं तरी ते पुन्हा कसं वाढते. पॅरेन्कायमा जिवंत का मेलेला. कोलेन्कायमा कुठं सापडत नाही. पेरू खातानी दाताखाली कचकच काहून लागते."

"सोपं हाय मग."

"थांब ना. शेवटचं ध्यानात ठेव. स्क्लेरेन्कायमाच्या तंतूचं उदाहरण इचारते. तिथं जूट-बिट सांगू नको म्हना पोरायले. त्याले कापूस पायजे. आज चहा पेता पेता सोताच बोलला. म्हने, वऱ्हाडातल्या पोरायले कापूस सांगता येत नसन त काय उपयोग."

"कापूस? अरे, कापूस कुठं स्क्लेरेन्कायमा हाय?"

"ते तुले समजते अन् मले समजते. त्याले पायजे ते देऊन टाक ना बाप्पा. मार्क त्याच्या हातात हायेत, तुह्या-माह्या नाही."

हे वाचणाऱ्यांपैकी जे वनस्पतिशास्त्र शिकलेले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. झाडाच्या शरीरात सारख्या पेशींचे गट असतात, त्यांना ऊती म्हणतात. मेरिस्टेम म्हणजे वाढीची ऊती. तिच्या पेशी सतत दुभंगत राहतात आणि झाड वाढतं. पॅरेन्कायमा ही साधी, पातळ भित्तीची, जिवंत ऊती. अन्न-पाणी साठवण्याचं बरंचसं काम तिचं. कोलेन्कायमाही जिवंत, पण तिच्या पेशींचे कोपरे जाड असतात, म्हणून कोवळा देठ वाकतो पण मोडत नाही. स्क्लेरेन्कायमा कडक. तिच्या भिंतींत लिग्निन नावाचा टणक पदार्थ भरतो, आणि पूर्ण वाढल्यावर तिच्या पेशी बहुधा मेलेल्या असतात. ताग, अंबाडी यांचे दोर आपण वळतो ते या ऊतीचे तंतू. कापूस त्यात बसत नाही. कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेला केस. एकाच पेशीचा, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा. हे मी तीस-बत्तीस वर्षं शिकवत आलो होतो.

आणि त्या संध्याकाळी मी मुलांना प्रयोगशाळेत जमवून उलटं शिकवलं.

सराव झकास चालला होता. मी विचारायचो, मुलं एका सुरात सांगायची.

"मेरिस्टेमच्या पेशी कशा?"

"लहान, पातळ भित्तीच्या, मोठ्या केंद्रकाच्या, एकमेकींना चिकटलेल्या! मोठी पोकळी नाही!"

"गवत पुन्हा कसं वाढतं?"

"पेराच्या आणि पानाच्या बुडाशी मेरिस्टेम असते, सर! गाय शेंडा खाते, बूड शिल्लक राह्यते!"

"कोलेन्कायमा कुठं नसते?"

"मुळात!"

"पेरूत कचकच कशाची?"

"दगडपेशींची! स्क्लेरेन्कायमा!"

"तंतूचं उदाहरण?"

"ताग, अंबाडी!"

"नाही," मी म्हणालो. "कापूस."

आवाज थांबला. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. वलगावची होती, एस.टी.नं येऊन-जाऊन शिकायची. आदल्या वर्षी टायफॉइडनं तिचं प्रात्यक्षिक बुडालं होतं, आणि प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे तेवढ्यासाठी ती वर्ष पुन्हा करत होती. घरून तिला बजावलं होतं की या खेपेस निघाली तर पुढे शिकायचं, नाही तर पुरे झालं. स्थळं यायला लागली होती. हे मला ठाऊक होतं, कारण फी माफीच्या अर्जावर सही घ्यायला आली तेव्हा तिनंच सांगितलं होतं.

"सर, पन कापूस त सरकीच्या सालीवरचा केस असते ना? तुमीच शिकवलं आमाले."

"शिकवलं ना? मग ते डोक्यात राहू दे. उद्या तोंडातून मात्र कापूस येऊ दे."

"सर, कापूस नाकात घालतेत, तोंडात नाही," एक पोरगा बोलला आणि सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसलो. ती हसली नाही. खाली बसता बसता तिनं शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "पन चूक हाय ते माहीत असून काहून सांगाचं?"

मी तिला म्हटलं, "एक्स्टर्नलशी वाद घालायचा नसतो, बेटा. तुला पास व्हायचंय ना?"

"हो जी."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नल आले. यवतमाळकडचे, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं मऊ. पोहे खाल्ले, प्रयोगशाळेच्या खिडक्या स्वच्छ आहेत म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसले. मी त्यांच्या डाव्या बाजूला.

पहिला पोरगा आला. मेरिस्टेम, गवत, पेरू, सगळं फाडफाड. तंतूचं उदाहरण?

"कापूस, सर."

"वा," एक्स्टर्नल म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो. दुसरी मुलगी आली. कापूस. ते पुन्हा हसले. तिसरा आला. कापूस. मला वाटलं, गडी खूश आहे. अकोल्याच्या मित्राला संध्याकाळी फोन करून आभार मानायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

चौथी ती आली. छेद घेतलेली काचपट्टी तिनं दोन्ही हातांनी धरली होती. तिची उत्तरं बाकीच्यांसारखी धावत आली नाहीत. विचारलं की क्षणभर थांबायची, मग सांगायची. तंतूचं उदाहरण विचारल्यावर ती जास्तच वेळ थांबली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान हलवली. अगदी थोडी. एक्स्टर्नलच्या नजरेत येणार नाही एवढी, तिच्या येईल एवढी.

"कापूस, सर," ती म्हणाली.

एक्स्टर्नलनी पेन खाली ठेवलं.

"कापूस कशावर असतो?"

"सरकीवर."

"सरकीत आत की बाहेर?"

"बाहेर. सालीच्या वरच्या थरावर."

"मग ती कोणती ऊती?"

तिनं काचपट्टी टेबलावर ठेवली.

"हे उत्तर तुला कुणी सांगितलं?"

"कोनी नाही, सर."

"तुझ्याआधी तिघांनी तेच सांगितलं. चौघांना एकच चूक सुचली?" त्यांचा आवाज तसाच मऊ होता. "काल अकोल्यात मी चहाच्या वेळी एक गोष्ट मुद्दाम चुकीची बोललो. कापूस हे उत्तर मला आवडतं, असं. आपले प्रश्न गावोगाव आपल्याआधी पोचतात, असा मला संशय होता. आज बघतो तर गोष्ट माझ्याआधी अमरावतीला आलेली. तुझं अकोल्यात कोणी आहे?"

माझं नाव तिनं लपवलं, पण स्वतःबद्दल खोटं बोलायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. "मावशी आहे, सर. मावसभाऊ तिथंच शिकते. त्याच कॉलेजात."

"अच्छा." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि नुसतं पाहिलं. विचारलं काहीच नाही. मी समोरच्या ग्लिसरीनच्या बाटलीचं लेबल वाचत होतो.

"बाजूला बस," ते तिला म्हणाले. "तुझे तोंडीचे गुण मी आत्ता मांडत नाही."

खिडकीजवळ एक उंच स्टूल होतं, त्यावर ती जाऊन बसली. तोंडीचे गुण मांडले गेले नाहीत तर ती गैरहजर धरली जाणार, आणि मग वर्ष पुन्हा गेलं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं.

आमच्या लॅब अटेंडंटनं तेवढ्यात बाहेर रांगेतल्या मुलांना बातमी पोचवली होती. पाचवा पोरगा आत आला तो बसायच्या आधीच म्हणाला, "ताग, सर! अंबाडी, सर! कापूस मुळीच नाही, सर!" एक्स्टर्नलनी त्याला अजून काहीच विचारलेलं नव्हतं. हा भाग मी समारंभात सांगत असे. टाळ्या इथंच पडतात.

मी सांगत नसे ते असं. बाकीची बॅच होईपर्यंत ती त्या स्टुलावर बसून होती. रडली नाही. मधूनमधून उठून आपल्या काचपट्टीच्या कडेला ग्लिसरीनचा थेंब सोडत होती, छेद सुकू नये म्हणून. आपली परीक्षा होणार की नाही हे माहीत नसताना ती तो छेद ओला ठेवत होती. मला ते दिसत होतं. मी दर वेळी दुसरीकडे पाहत होतो.

मनाला मी कारणं देत होतो. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत. कागदावर काही गेलं तर पेन्शनचं प्रकरण अडेल. अकोल्याच्या मित्राचंही नाव येईल. आणि मी बोललो तर सगळ्याच मुलांची परीक्षा रद्द होईल. यातलं शेवटचं कारण मला सगळ्यांत आवडलं, कारण ते ऐकायला बरं होतं.

दुपारी जेवताना एक्स्टर्नलनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, "सर, त्या मुलीचं काय करायचं? तुमचं मत काय?"

इतकं सरळ दार मला आयुष्यात कोणी उघडून दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

ते वांग्याची भाजी खात राहिले. "भाजी छान आहे," एवढंच म्हणाले.

जेवणानंतर त्यांनी तिला बोलावलं. पाठ केलेलं काही नको, म्हणाले, तुझाच छेद लाव. तिनं सूर्यफुलाच्या खोडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली लावला. त्यांनी डोळा लावून पाहिलं आणि बाजूला झाले.

"बाहेरून आत चल. दिसेल ते सांग."

"बाहेर त्वचा आहे, सर. तिच्याखाली कोलेन्कायमाचे काही थर. कोपरे जाड दिसून राहिले. रंग फिका घेतला त्यानं."

"सॅफ्रानिनचा रंग सगळ्या पेशींना सारखाच दिला ना? मग फिका का?"

"सॅफ्रानिन लिग्निनला जास्त धरते, सर. कोलेन्कायमात लिग्निन नाही. सेल्युलोज अन् पेक्टिन आहे."

"म्हणजे जाड असून कडक नाही. त्याचा झाडाला उपयोग?"

"कोवळं खोड लांब होत असते ना सर, त्याच्याबरोबर ते ताणल्या जाते. स्क्लेरेन्कायमा असतं तर ताणल्या गेलं नसतं."

"पुढे."

"मग पॅरेन्कायमा. गोल पेशी, भिंत पातळ, मधात रिकाम्या जागा. मग हे लाल टोपीसारखं, वाहिन्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर. हे स्क्लेरेन्कायमा. भिंत जाड, आतली जागा अगदी बारीक."

"पॅरेन्कायमा मोठी झालेली, कामाला लागलेली ऊती. ती पुन्हा दुभंगू शकते का?"

"हो सर. खोडाला जखम झाली का भरून निघते, ते तिच्याच भरवशावर. कलम लावतो तेव्हाही."

"आणि स्क्लेरेन्कायमा?"

"ते त मेलेलं, सर. पूर्ण झालं का संपलं. नुसता आधार देते."

"आता मला या छेदात मेरिस्टेम दाखव."

मी दचकलो. हा प्रश्न अकोल्याहून आलेल्यांत नव्हता. मेरिस्टेम म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर मुळाचं टोक येतं, खोडाचा शेंडा येतो. ती वाकली, काचपट्टी जराशी सरकवली, फोकस फिरवला. बराच वेळ गेला.

"हा पट्टा, सर. पाणी नेणारं झायलम अन् अन्न नेणारं फ्लोएम, त्यांच्या मधातला. कॅम्बियम. विटा रचल्यासारख्या चपट्या पेशी आहेत."

"सकाळपासून सगळे मला सांगताहेत की मेरिस्टेमच्या पेशीत मोठी पोकळी नसते. या पेशींत?"

तिनं पुन्हा डोळा लावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कॅम्बियमच्या पेशींत असते, सर. सकाळी तुमी विचारलं तेव्हा मीही नाहीच म्हटलं होतं. ते शेंड्याच्या मेरिस्टेमचं वर्णन आहे. सगळ्या मेरिस्टेमला लागत नाही."

एक्स्टर्नल पहिल्यांदा मनापासून हसले. मग अटेंडंटकडे वळून म्हणाले, "स्पिरिट लावायचा कापूस असेल ना? आणि थोडी सुतळी. फ्लोरोग्लुसिनॉल आहे का?"

अटेंडंटनं पार्सलच्या खोक्याची सुतळी तोडून आणली, प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस आणला, आणि बाटल्या मांडल्या. तिनं दोन काचपट्ट्या घेतल्या. एकीवर सुतळीचे दोन-चार धागे पिंजून ठेवले, दुसरीवर कापसाचे. दोन्हींवर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब, मग जपून हायड्रोक्लोरिक आम्लाचा. लिग्निन असलं तर लाल व्हायचं. थोड्या वेळात सुतळीचे धागे लालसर होत गेले. कापूस पांढरा तो पांढराच.

"आता सांग. कापूस कोणती ऊती?"

"स्क्लेरेन्कायमा नाही, सर. सरकीच्या सालीच्या त्वचेचा केस आहे. एका पेशीचा. लिग्निन नाही त्यात, म्हणून रंग आला नाही. सुतळी तागाची. तिच्यात आहे."

"हे तुला सकाळी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, सर."

"मग कापूस का म्हणालीस?"

ती काचपट्टीकडे पाहत राहिली. माझ्याकडे पाहिलं असतं तर सगळं उघड झालं असतं. तिनं पाहिलं नाही.

"सांगायचं म्हणून सांगितलं, सर. चुकलं माझं."

एक्स्टर्नलनी पेन उचललं. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला, दोघांच्या सह्या लागतात म्हणून. तिच्या क्रमांकापुढे तोंडीचे गुण मांडलेले होते, सगळ्या बॅचमध्ये जास्त. मी सही केली. खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटली नाही. वाटली ती फक्त सुटका. पोरगी पास झाली. तिचं वर्ष वाचलं, माझी पेन्शन वाचली. खिडकीतून येणारा वाराही मला एकदम गार लागायला लागला. अटेंडंट तिला म्हणाला, "जाय पोरी, पोहे उरले हायेत, खाऊन घे," आणि ती "सकाळपासून पानी बी नाही पेलं जी काका" म्हणत हसली. मीही हसलो. मला त्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की मी सगळ्यांना लस्सी पाजली.

एक्स्टर्नलना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. गाडीत बसायच्या आधी ते म्हणाले, "सर, एक बोलू का? सापळा मी मास्तरांसाठी लावला होता. पोरगी अडकली. तिला मी लगेच सोडणार होतो. बसवून ठेवली ती तुमच्यासाठी. वाटलं, तुम्ही बोलाल."

त्यांनी नमस्कार केला, मीही केला. त्यांनी पुढे कोणाला काही कळवलं नाही. माझी निवृत्ती वेळेवर झाली, शाल-श्रीफळ मिळालं, आणि माइक हातात आल्यावर मी कापसाचा किस्सा सांगितला. सापळा कोणासाठी होता ते गाळून.

त्यानंतर मी अकोल्याला मुलाकडे राहायला आलो. दोनेक वर्षांपूर्वी नातीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी एका ज्युनियर कॉलेजात गेलो होतो. व्हरांड्यात उभा होतो तर समोरून साडी नेसलेली एक बाई झपाझप आली आणि तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"सर, ओळखलं नाही का मले?"

आवाजावरून ओळखलं. ती तिथं जीवशास्त्र शिकवत होती. एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, लग्न नंतर आपल्या पसंतीनं केलं, नवरा बाळापूरला शिक्षक. हे सगळं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मग आम्हाला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली, खुर्ची पुसून मला बसवलं, नातीला सूर्यफुलाच्या खोडाची काचपट्टी दाखवली. नातीनं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि "आजोबा, हे तर जाळीच आहे!" म्हणून ओरडली. मला इतकं बरं वाटलं. त्या दिवशी वर्ष गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की मी तो पुढे जाऊ देत नसे. आता पुढे जाऊ दिला तरी चालणार होतं. समोर ती बसली होती, टेबलावर तिच्या नावाची पाटी होती.

मग ती नातीला म्हणाली, "तुले माहीत आहे का, मी इथं तुझ्या आजोबांमुळे आहे. परीक्षेत एक्स्टर्नलनी मला बाजूला बसवलं होतं. वर्षच गेलं असतं. आजोबांनी जेवताना त्यांना समजावलं, मुलगी हुशार आहे, एक संधी द्या म्हणून. तेव्हा कुठं त्यांनी मले परत घेतलं."

"कोणी सांगितलं तुला हे?" मी विचारलं.

"आपले लॅबवाले काका म्हणाले होते ना, सर. जेवायला तुमी दोघंच बसले होते, अन् जेवण झाल्याबरोबर बोलावणं आलं. तुमच्याशिवाय कोण बोलनार होतं?"

अटेंडंटनं हे मनाशी जुळवलं असणार. भला माणूस होता. मास्तर एवढं तरी करेल, असं त्याला वाटलं.

"अन् मीही तुमचं नाव घेतलं नाही, सर," ती हसत म्हणाली. "मनात म्हटलं, सर आपल्यासाठी काहीतरी करतीलच."

नात माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आजोबांबद्दलचा जो अभिमान होता, तो मी आधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं. "बेटा, त्या दिवशी जेवताना मी..."

"चहा घ्याल ना, सर? बिनसाखरेचा सांगू का?"

"घेतो," मी म्हणालो. "साखर चालते मला."

चहा येईपर्यंत वेळ होता. पिताना वेळ होता. ती फाटकापर्यंत सोडायला आली तेव्हाही होता. वाक्य फार मोठं नव्हतं. जेवताना मी तुझ्यासाठी एक शब्द बोललो नाही, चुकीचं उत्तर मी शिकवलं, मान मी हलवली, आणि माझ्यासाठी तुला गप्प राहावं लागलं, त्याची मी माफी मागतो. एवढंच. ऑटोत बसल्यावर ते मी सबंध जुळवलं, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा ती अजून फाटकाशी उभी राहून हात हलवत होती.